टर्मचं नवं वेटेज सुचवणारा मेल: गेल्या वर्षीचे मार्क हाताशी घेऊन तो कसा लिहायचा

वेटेज बदलूया असा मेल स्टाफला जातो आणि बहुतेक वेळा तिथेच अडकतो. कारण जवळपास ठरलेलं असतं. मेलमध्ये मत आधी येतं आणि आकडे शोभेला शेवटी लावलेले असतात, किंवा चाळीस कॉलमची शीट जोडून "बघून सांगा" म्हटलेलं असतं आणि ती कोणीच उघडत नाही. तिसरा प्रकार जास्त नुकसानीचा, आकडे बरोबर असतात पण ते चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देतात. म्हणून खाली डेटा उघडण्यापासून उत्तरं येईपर्यंतचा सगळा क्रम एकाच उदाहरणावर लिहिलाय.

उदाहरण असं धरा. एक विषय, एक टर्म, १२० मुलं. सध्याचं वेटेज गृहपाठ ३०, युनिट टेस्ट २० (दोन टेस्ट मिळून) आणि सत्र परीक्षा ५०. तुम्हाला सुचवायचंय गृहपाठ २०, युनिट टेस्ट ३०, सत्र परीक्षा ५०. पासची रेषा ४० आणि ए ग्रेडची ७५ धरू. आकडे समजावण्यासाठी घेतलेत, तुमच्या शीटमध्ये वेगळे येतील, पण करायची पद्धत हीच.

१. आधी बदल एकच ठरवा, आणि तो कशासाठी ते एका वाक्यात लिहा

शीट उघडायच्या आधी कागदावर एक वाक्य लिहा. "मला वेटेज बदलायचंय कारण..." याच्या पुढे जे येईल त्यावरून कुठले आकडे काढायचे ते ठरतं. आपल्या उदाहरणात वाक्य असं आहे: गृहपाठात जवळपास सगळ्यांना ९० च्या आसपास मार्क मिळतात, त्यामुळे परीक्षेत फार काही न आलेलं मूलही पास होऊन पुढे जातं आणि त्याला मदत लागतेय हे आपल्याला उशिरा कळतं.

हे वाक्य तपासता येतं, म्हणून चांगलं. "सध्याची पद्धत जुनी झालीय" हे वाक्य तपासता येत नाही. ते मेलमध्ये गेलं की चर्चा नवं विरुद्ध जुनं अशी होते आणि मग आकड्यांकडे कोणी बघत नाही.

एका मेलमध्ये एकच बदल ठेवा. गृहपाठ कमी करा, प्रोजेक्ट आणा, तोंडी परीक्षा काढा असं तिन्ही एकदम लिहिलं तर प्रत्येकाला नको असलेली एक तरी गोष्ट सापडते आणि तिन्ही पडतात. शिवाय मार्क कशामुळे वरखाली झाले ते तुम्हालाच वेगळं करून सांगता येत नाही.

२. मार्क जमवा, पण लगेच हिशोब सुरू करू नका

गेल्या वर्षीच्या त्याच टर्मची शीट घ्या. प्रत्येक घटक टक्क्यांत आणा, म्हणजे गृहपाठ ५० पैकी असो की ३० पैकी, सगळं १०० वर. नावं आणि रोल नंबर पहिल्याच दिवशी काढून टाका आणि साधा क्रमांक द्या. नंतर काढू म्हटलं की ते राहूनच जातं आणि शीट तशीच कोणाला तरी फॉरवर्ड होते.

मांडणी अशी ठेवा. पहिल्या ओळीत जुनं वेटेज, दुसऱ्या ओळीत नवं, तिसऱ्या ओळीत हेडिंग आणि चौथ्या ओळीपासून मुलं. ए कॉलममध्ये क्रमांक, बी मध्ये गृहपाठ, सी मध्ये युनिट टेस्ट, डी मध्ये सत्र परीक्षा. वेटेज 0.30, 0.20, 0.50 असं लिहा. मग चौथ्या ओळीत ई, एफ आणि जी मध्ये क्रमाने ही सूत्रं टाकून खालपर्यंत ओढा:

```
=SUMPRODUCT(B4:D4,$B$1:$D$1)
=SUMPRODUCT(B4:D4,$B$2:$D$2)
=F4-E4
```

पहिलं जुनी बेरीज देतं, दुसरं नवी, तिसरं फरक.

सावधान, गैरहजर मुलं. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. सेलमध्ये AB लिहिलेलं असेल किंवा सेल रिकामा असेल तर वरचं सूत्र एरर देत नाही, गुपचूप शून्य धरतं. उलट त्याच कॉलमची सरासरी काढताना AVERAGE तो सेल सोडून देतं. म्हणजे एकाच शीटमध्ये तेच मूल एका ठिकाणी शून्यावर आहे आणि दुसऱ्या ठिकाणी मोजलेलंच नाही, आणि शीट बघून हे कळत नाही. म्हणून हिशोबाच्या आधी अशा ओळी वेगळ्या टॅबमध्ये हलवा आणि किती हलवल्या ते लिहून ठेवा, कारण मेलमध्ये एका वाक्यात ते सांगावं लागणार आहे. गैरहजर मुलं बहुतेक वेळा अडचणीतलीच मुलं असतात, त्यामुळे त्यांना काढल्यावर चित्र थोडं बरं दिसतं. ते लपवू नका.

दोन टेस्टपैकी चांगली धरायची असा नियम गेल्या वर्षी असेल तर तुमच्या कॉलममध्येही तोच नियम लावा. ग्रेस मार्क दिले असतील तर ग्रेसच्या आधीचे मार्क घ्या, नाहीतर पासच्या रेषेवरची मुलं जुन्या पद्धतीत आधीच वर ढकललेली दिसतात आणि तुलना वाकडी होते. आणि घटकांचे मार्क मध्येच राउंड करू नका, तुमच्या शाळेचा राउंडिंगचा जो नियम असेल तो शेवटच्या बेरजेवर एकदाच लावा, जुन्यालाही आणि नव्यालाही.

थांबून तपासा. ई कॉलममधली जुनी बेरीज गेल्या वर्षी खरोखर लागलेल्या निकालाशी जुळतेय का? दहाबारा ओळी हाताने तपासा, त्यात वरची, खालची आणि मधली मुलं घ्या. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. कुठेतरी न लिहिलेला नियम आहे, एखादी टेस्ट रद्द झालेली, कोणाचे पुन्हा तपासलेले मार्क, असं काहीतरी. ही पायरी जवळपास सगळेच गाळतात, आणि मग मेल गेल्यावर पहिलं उत्तर येतं की "माझ्या वर्गाचे आकडे असे नव्हते", आणि मग मुद्दा कितीही खरा असला तरी तो मेल संपला.

३. कागदावरचं वेटेज आणि प्रत्यक्ष वेटेज वेगळं काढा

आपल्याला वाटतं गृहपाठाला ३० वेटेज म्हणजे निकालात त्याचा वाटा ३० टक्के. तसं नसतं. एखादा घटक मुलांमध्ये फरक किती पाडतो हे त्याच्या वेटेजबरोबरच त्या घटकातले मार्क किती पसरलेले आहेत यावरही ठरतं. सगळ्यांना गृहपाठात ८८ च मिळाले असते तर वेटेज ३० असो की ६०, कोण वर आणि कोण खाली यात काडीचा फरक पडला नसता. तो फक्त सगळ्यांच्या मार्कांत एकसारखी भर घालतो.

उदाहरणातले आकडे असे. गृहपाठाची सरासरी ८८ आणि स्टँडर्ड डिव्हिएशन, म्हणजे मार्क सरासरीपासून साधारण किती पसरलेत ते, ६. इथे मार्क एकमेकांना चिकटलेले. युनिट टेस्टची सरासरी ६१, डिव्हिएशन १६. सत्र परीक्षेची सरासरी ५८, डिव्हिएशन १८. कोरिलेशन म्हणजे दोन घटकांतले मार्क किती सोबतीने वरखाली होतात ते, गृहपाठ आणि युनिट टेस्ट यांच्यात ते ०.३०, गृहपाठ आणि सत्र परीक्षा ०.२५, युनिट टेस्ट आणि सत्र परीक्षा ०.७०.

प्रत्यक्ष वाटा काढायचं सूत्र हे, बी कॉलमखाली टाकून डी पर्यंत उजवीकडे ओढा:

```
=B$1*COVARIANCE.P(B$4:B$123,$E$4:$E$123)/VAR.P($E$4:$E$123)
```

तिन्ही उत्तरांची बेरीज १ आली पाहिजे, हाच या पायरीचा चेक. १ आली नाही तर बहुतेक एखाद्या ओळीत AB राहिलंय किंवा रेंज चुकलीय. आणि हे सूत्र ई मधली राउंड न केलेली बेरीज धरून चालतं, राउंड केलेल्या कॉलमवर लावलं तर बेरीज १ च्या जवळ येईल पण नेमकी १ येणार नाही.

आपल्या उदाहरणात उत्तर येतं गृहपाठ ६ टक्के, युनिट टेस्ट २२ टक्के, सत्र परीक्षा ७२ टक्के. कागदावर ३०, २०, ५०. म्हणजे मुलांमुलांमधला जो फरक निकालात दिसतो त्यातला जवळपास तीन चतुर्थांश एकट्या सत्र परीक्षेतून येतोय. स्टाफला हे सांगितलं की लोक खरोखर थांबून वाचतात, कारण बहुतेकांच्या डोक्यात पक्कं असतं की आपली पद्धत वर्षभराच्या कामाला महत्त्व देते.

सावधान, या आकड्याचा अर्थ ताणू नका. गृहपाठाचा वाटा ६ आला याचा अर्थ गृहपाठाने मुलं शिकत नाहीत असा होत नाही. कोरिलेशन कमी आलं त्याचं एक मोठं कारण हेच आहे की मार्क चिकटलेले आहेत, सगळे ८० ते ९५ मध्ये असतील तर ते कशाशीच नीट जुळताना दिसणार नाहीत. तुम्ही फक्त गृहपाठाच्या मार्कांबद्दल बोलताय, गृहपाठाबद्दल नाही. हा भेद मेलमध्ये स्पष्ट शब्दांत लिहा, नाहीतर जे सहकारी मनापासून गृहपाठ तपासतात ते दुखावतील, आणि त्यांचं दुखावणं बरोबर असेल.

आता उलट बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. फरक पाडण्यात गृहपाठाचा वाटा छोटा असला तरी पास होण्यात तो मोठा आहे. गृहपाठात सरासरी ८८ मिळवणाऱ्या मुलाच्या हातात परीक्षेला बसायच्या आधीच २६.४ मार्क आहेत. पास व्हायला ४० हवेत, म्हणजे उरलेल्या ७० पैकी त्याला फक्त १३.६ पाहिजेत. टक्क्यांत १९. दोन्ही टेस्ट आणि सत्र परीक्षा मिळून १९ टक्के मिळवलेलं मूल पास. नव्या वेटेजमध्ये हातात १७.६ राहतात आणि ८० पैकी २२.४ लागतात, म्हणजे २८ टक्के. पहिल्या पायरीत लिहिलेलं वाक्य याच आकड्यावर उभं आहे, त्यामुळे मेलमध्ये मुख्य आकडा हा, तो ६ टक्क्यांवाला दुसऱ्या नंबरवर.

४. नवं वेटेज गेल्या वर्षीच्या मार्कांवर चालवा आणि कोणाचं नुकसान होतंय ते आधी बघा

एफ कॉलम तयार आहेच. आता सरासरी बघा. जुनी ६७.६, नवी ६४.९. सरासरी २.७ ने घसरली. इथे बरेच जण घाबरतात आणि हा आकडा मेलमधून काढूनच टाकतात. अजिबात काढू नका, तो तुम्ही सांगितला नाहीत तर दुसरं कोणीतरी शोधून सांगेल आणि मग तो लपवलेला दिसेल.

घसरण कुठून आली हे तोंडी समजावता येतं. १० मार्कांचं वेटेज गृहपाठातून उचलून युनिट टेस्टला दिलंय, त्यामुळे प्रत्येक मुलाच्या मार्कांत होणारा बदल म्हणजे त्याच्या टेस्टच्या आणि गृहपाठाच्या टक्क्यांमधल्या फरकाचा दहावा भाग. सरासरीत ६१ वजा ८८ म्हणजे उणे २७, त्याचा दहावा भाग उणे २.७. ज्याचे टेस्टचे मार्क गृहपाठापेक्षा जास्त आहेत तेवढ्याच मुलांचे मार्क वाढतात. आपल्या १२० मध्ये अशी ५ मुलं आहेत, बाकी सगळ्यांचे कमी होतात. जी कॉलममधल्या कुठल्याही चार ओळी या नियमाने तोंडी तपासा, सूत्र बरोबर ओढलंय की नाही ते लगेच कळतं.

एक मूल घ्या, गृहपाठ ९२, टेस्ट ३१, सत्र ३४. जुन्या पद्धतीत ५०.८, नव्यात ४४.७, ६.१ ने घसरलं. शीटमधली ही सगळ्यात मोठी घसरण, तरी मूल पास आहे. दुसरं मूल गृहपाठ ८५, टेस्ट २८, सत्र २०. जुन्यात ४१.१ म्हणजे पास, नव्यात ३५.४ म्हणजे नापास. ही दुसऱ्या प्रकारची मुलं किती आहेत ते मोजा:

```
=COUNTIFS(E4:E123,">=40",F4:F123,"<40")
```

उदाहरणात ३ येतात. शाळेत राउंडिंगचा नियम असेल तर ही मोजणी राउंड केलेल्या बेरजेवर करा, कारण ३९.६ चं मूल कुठल्या बाजूला पडतं हे त्यावर ठरतं. याच सूत्रात ४० च्या जागी ७५ टाकलं की ए ग्रेडमधून खाली आलेली मुलं मिळतात, जुन्या पद्धतीत ३२ मुलं ए मध्ये होती, नव्यात २७, म्हणजे ५ खाली आली आणि नवीन कोणी चढलं नाही. चिन्हं उलटी करून चढलेली मुलंही मोजा. नुसती आधी किती आणि नंतर किती एवढी वजाबाकी केली तर पाच उतरले आणि पाच चढले असं असतानाही फरक शून्य दिसतो.

त्या ३ मुलांच्या ओळी एकेक करून वाचा. हे काम कंटाळवाणं नाही, उलट तुमचा प्रस्ताव योग्य आहे की नाही ते इथेच कळतं. तिघांचेही टेस्ट आणि सत्र दोन्हीकडे मार्क कमी असतील तर तुमचं म्हणणं टिकतं, ही तीच मुलं ज्यांना मदत लागत होती. पण त्यातल्या एखाद्याची एक टेस्ट बुडालेली असेल आणि म्हणून सरासरी खाली आली असेल तर ती अडचण वेटेजची नाही, गैरहजेरीच्या नियमाची आहे. नव्या पद्धतीत प्रत्येक टेस्ट १५ मार्कांची होते, आधी १० ची होती, त्यामुळे बुडालेली टेस्ट आता जास्त महाग पडते. फेरटेस्टचा नियम नसेल तर तो प्रस्तावातच घाला, नाहीतर पहिल्याच टर्मला आजारी पडलेल्या मुलाचे पालक समोर येऊन बसतील.

नव्या वेटेजचे प्रत्यक्ष वाटेही काढून ठेवा, सूत्रात पहिल्या ओळीऐवजी दुसरी आणि ई ऐवजी एफ. येतात गृहपाठ ३, युनिट टेस्ट ३२, सत्र परीक्षा ६५. म्हणजे या बदलाने सत्र परीक्षेचं ओझं ७२ वरून ६५ वर आलं. सत्र परीक्षेच्या वेटेजला आपण हातही लावला नव्हता, तरी. हा फायदा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, मेलमध्ये एक ओळ द्या.

५. या आकड्यांनी काय सांगता येत नाही ते लिहून ठेवा

गेल्या वर्षीची मुलं जुनं वेटेज माहीत असताना अभ्यास करत होती. टेस्टला ३० आहेत हे कळल्यावर ती वेगळी वागतील, टेस्टचा अभ्यास जास्त करतील, काही जण गृहपाठ सोडूनही देतील. म्हणून "या पद्धतीने ३ मुलं नापास होतील" असं लिहू नका, "गेल्या वर्षीच्याच मार्कांवर हे वेटेज लावलं असतं तर ३ मुलं रेषेखाली आली असती" असं लिहा. वाक्य लांब होतं पण खरं राहतं.

आणि हा एका वर्षाचा, एका बॅचचा डेटा आहे. त्याआधीच्या वर्षाची शीट मिळाली तर तोच हिशोब तिच्यावर चालवा, गृहपाठाचे मार्क दोन्ही वर्षी असेच चिकटलेले दिसले तर मुद्दा बराच भक्कम होतो. मिळाली नाही तर एकच वर्ष आहे असं सरळ लिहा.

६. मेलच्या आधी दोन माणसांशी बोला

तुमच्या शीटमध्ये तुकडीप्रमाणे सरासरी काढली तर बहुतेक वेळा गृहपाठाच्या मार्कांत तुकड्यांमध्ये फरक दिसतो, एका तुकडीत सरासरी ९३ आणि दुसरीत ८२ असं काहीतरी. तो तक्ता मेलमध्ये टाकू नका. तुकडी म्हटलं की शिकवणारं माणूस सगळ्यांना माहीत असतं, आणि मग सगळ्या स्टाफसमोर एका सहकाऱ्याच्या तपासण्यावर बोट ठेवल्यासारखं होतं. ज्यांच्या तुकडीचा आकडा वेगळा आहे त्यांच्याकडे आधी एकटे जाऊन बसा, "मॅडम, मला हे असं दिसलं, तुमच्याकडे गृहपाठ कसा तपासला जातो?" एवढंच विचारा. पुष्कळदा त्याला चांगलं कारण असतं, उदाहरणार्थ त्या मुलांना चुका सुधारून परत द्यायला लावतात आणि दुसऱ्या वेळचे मार्क धरतात.

दुसरं माणूस म्हणजे परीक्षा विभाग सांभाळणारे. रिपोर्ट कार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये वेटेज बदलता येतं का, कधीपर्यंत कळवायचं आणि असा बदल स्टाफ आपल्या पातळीवर करू शकतो की वरून मंजुरी लागते, हे आधी विचारा. मंजुरी लागत असेल तर तुमचा मेल निर्णय मागणारा नसतो, शिफारस मागणारा असतो, आणि शेवटचं वाक्य त्याप्रमाणे बदलतं.

७. मेल लिहा, क्रम असा ठेवा

आधी काय हवंय आणि कधीपर्यंत. मग सध्या काय अडतंय, एका आकड्यासह. मग छोटा तक्ता. मग कोणाचं नुकसान. मग मर्यादा. शेवटी उत्तर कसं द्यायचं. बहुतेक जण उलटं लिहितात, पार्श्वभूमीचे चार परिच्छेद आणि विनंती तळाशी, आणि फोनवर वाचणारा तिथपर्यंत पोचतच नाही.

विषयाच्या ओळीत निर्णय आणि तारीख दोन्ही हवेत. "वेटेजबद्दल थोडंसं" अशी ओळ असेल तर मेल नंतर वाचू म्हणून बाजूला पडतो. पूर्ण नमुना हा:

> विषय: पुढच्या टर्मचं वेटेज: गृहपाठ ३० ऐवजी २०, युनिट टेस्ट २० ऐवजी ३०. शुक्रवारपर्यंत मत हवंय
>
> सर्वांना नमस्कार,
>
> पुढच्या टर्मपासून गृहपाठाचं वेटेज ३० वरून २० आणि युनिट टेस्टचं २० वरून ३० करावं असं मी सुचवतोय. सत्र परीक्षा ५० च राहील. शुक्रवारपर्यंत आपलं मत कळवावं, सोमवारच्या मीटिंगमध्ये ठरवू.
>
> कारण असं. गेल्या वर्षी याच टर्मला गृहपाठाची सरासरी ८८ होती. एवढे मार्क मिळवलेलं मूल टेस्ट आणि सत्र परीक्षेत मिळून फक्त १९ टक्के मिळवूनही पास होतं. त्यामुळे ज्यांना मदत हवी आहे ती मुलं आपल्याला वेळेत दिसत नाहीत. नव्या वेटेजमध्ये हाच आकडा २८ टक्के होतो.
>
> | | सध्या | प्रस्ताव |
> |---|---|---|
> | वर्गाची सरासरी | ६७.६ | ६४.९ |
> | ए ग्रेडमधली मुलं | ३२ | २७ |
> | ४० च्या खाली मुलं | १ | ४ |
> | निकालातल्या फरकात सत्र परीक्षेचा वाटा | ७२% | ६५% |
>
> सरासरी २.७ ने कमी होते आणि १२० पैकी ५ मुलं सोडली तर सगळ्यांचे मार्क थोडे कमी होतात, सगळ्यात जास्त ६.१ ने. ग्रेडच्या रेषा आहेत तिथेच ठेवाव्यात असं माझं मत आहे, पण यावर वेगळं मत असेल तर नक्की सांगा. टेस्ट बुडाली तर आता १५ मार्क जातात, म्हणून योग्य कारण असल्यास दहा दिवसांत फेरटेस्ट हा नियम यासोबतच ठेवावा.
>
> हे आकडे एकाच वर्षाचे आहेत. दोन्ही टेस्ट आणि सत्र परीक्षा दिलेली १२० मुलंच यात धरली आहेत, त्यांच्याशिवायची ६ मुलं वगळली आहेत. गृहपाठाचा उपयोग होत नाही असं मला म्हणायचं नाही, प्रश्न फक्त त्याच्या मार्कांना किती वजन द्यायचं एवढाच आहे.
>
> उत्तरात "चालेल", "बदल करून चालेल" किंवा "नको" यापैकी एक आणि कारणाची एक ओळ पुरे. हिशोबाची शीट नावांशिवाय तयार आहे, कोणाला बघायची असेल तर पाठवतो.

तक्त्यात चारच ओळी आहेत. कोरिलेशन, डिव्हिएशन, व्हेरियन्स यातलं काहीही मेलमध्ये नाही, ते शीटमध्ये असू द्या. भाषेच्या शिक्षकाने किंवा खेळाच्या सरांनी ते समजून घेण्यात वेळ घालवावा अशी अपेक्षा नको, मत मात्र त्यांचंही हवंय.

८. पाठवायच्या आधी पाच मिनिटं

मेल फोनवर उघडून बघा, तक्ता मोडतोय का. मोडत असेल तर चार साधी वाक्यं करा. मेलमधला प्रत्येक आकडा शीटमधल्या सेलशी पुन्हा ताडून बघा, विशेषतः नंतर बदललेले. शीट पाठवायची वेळ आलीच तर मूळ फाइल पाठवू नका, नवीन फाइलमध्ये फक्त व्हॅल्यू पेस्ट करून ती पाठवा, कारण मूळ फाइलमध्ये लपवलेले कॉलम आणि जुने टॅब असतात आणि त्यात नावं निघतात. नावं काढली तरी "एकच मूल ४० खाली" अशा आकड्यावरून ते मूल कोण हे स्टाफला कळू शकतं. स्टाफपुरतं ते चालून जाईल, पण हाच मेल पालकांपर्यंत जाणार असेल तर इतके लहान आकडे काढा.

९. उत्तरं आली की

तीन हरकती जवळपास नक्की येतात. पहिली, "सगळ्यांचे मार्क कमी करून काय मिळणार?" यावर रेषेचा १९ आणि २८ चा आकडा पुन्हा द्या, आणि ग्रेडच्या रेषा दोनतीन मार्कांनी खाली आणायला तयार असाल तर तसं सांगा. पासची रेषा मात्र खाली आणू नका, आणली तर मूळ कारणच निघून जातं.

दुसरी हरकत चांगली असते: "वेटेज कशाला बदलता, गृहपाठ नीट कडक तपासा, मार्क आपोआप पसरतील." हे खरंच काम करतं. आपल्या उदाहरणात गृहपाठाचं डिव्हिएशन ६ ऐवजी १२ झालं आणि बाकी सगळं तेच राहिलं, तर वेटेज न बदलता गृहपाठाचा प्रत्यक्ष वाटा ६ वरून साधारण १५ टक्क्यांवर जातो. पण त्यासाठी सगळ्या तुकड्यांमध्ये एकच तपासणीची पद्धत लागेल आणि ती टर्मभर पाळावी लागेल. स्टाफ त्याला मनापासून तयार असेल तर माझ्या मते तो मार्ग वेटेज बदलण्यापेक्षा चांगला, आणि तसं मोकळेपणाने मान्य करून प्रस्ताव बदला.

तिसरी, "मुलं गृहपाठच करणार नाहीत." याचं उत्तर तुमच्या डेटात नाही, त्यामुळे आकड्याने उत्तर द्यायला जाऊ नका. एक टर्म करून बघू, गृहपाठ जमा होण्याचं प्रमाण दर महिन्याला नोंदवू आणि टर्मच्या शेवटी परत बसू असं सुचवा, आणि नोंद कोण ठेवणार ते त्याच उत्तरात लिहा.

शुक्रवार संपला की आलेली मतं मोजून सगळ्यांना एक छोटा मेल टाका, किती जणांनी काय म्हटलं आणि प्रस्तावात काय बदललं. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना होकारात धरू नका, सोमवारी मीटिंगमध्ये त्यांना नाव घेऊन विचारा. ठरलं की नवं वेटेज टर्म सुरू व्हायच्या आधी मुलांच्या हातात लेखी जायला हवं. टर्म अर्धी झाल्यावर निर्णय झाला तर तो त्याच टर्मला लावू नका, पुढच्या टर्मसाठी ठेवा.